ऐकू येणाऱ्या शब्दांचा त्रास

गुरुग्राम, नोएडा, बेंगळूरु, हैदराबाद किंवा चेन्नई यांपैकी कोणत्याही शहरातल्या नव्या कार्यालयात गेलात, तर मांडणी साधारण एकसारखीच दिसते. एका मजल्यावर दोनशे-तीनशे माणसे, लांबच लांब टेबले, दोन टेबलांमध्ये छातीपर्यंतही न पोचणारे पार्टिशन, काचेच्या बैठक-खोल्या आणि वर फॉल्स सीलिंग काढून टाकून काळे रंगवलेले उघडे छत. जागेचे भाडे वाचते, उजेड आत येतो, वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातली भिंत गेल्याचे समाधानही मिळते. या मांडणीने माणसे एकमेकांशी अधिक बोलतील, असा तिच्यामागचा दावा होता. तो फारसा खरा ठरलेला नाही. हार्वर्डमधील एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बंदिस्त जागेतून मोकळ्या जागेत गेलेल्या कर्मचाऱ्यांचा प्रत्यक्ष संवाद सुमारे 70 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. माणसे कानात हेडफोन घालून संगणकावरून निरोप पाठवू लागली होती.

कार्यालयांच्या ध्वनिरचनेचे काम मी गेली काही वर्षे करते. अलीकडे मला येणाऱ्या बोलावण्यांत एक बदल दिसतो. पूर्वी तक्रार सगळ्या मजल्याची असे; आता पुष्कळदा ती एका व्यक्तीची असते. त्या व्यक्तीला स्वमग्नता असते, एडीएचडी असते किंवा डिस्लेक्सिया असतो. या सर्वांना मिळून आज ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हटले जाते. म्हणजे ज्यांच्या मेंदूची माहिती घेण्याची आणि गाळण्याची पद्धत बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे, अशी माणसे. आपल्यापैकी बहुतेकांचा मेंदू शेजारच्या टेबलावरचे बोलणे, पंख्याची घरघर, डोळ्यांच्या कोपऱ्यातून जाणारी हालचाल हे सारे आपोआप मागे ढकलतो. यांतील अनेकांना ते जमत नाही. प्रत्येक संवेदना सारख्याच जोराने दार ठोठावते आणि ती अडवण्यातच शक्ती खर्च होते. दिवस चढतो तशी ही शक्ती संपते. मग चुका वाढतात, बोलणे तुटक होते, काहींना डोकेदुखी किंवा मळमळ होते आणि काहींना तिथून उठून निघून जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. याला संवेदनांचा अतिभार म्हणतात.

अशा वेळी व्यवस्थापनाचे ठरलेले उत्तर असते ‘शांत खोली’. ते उत्तर अपुरे का पडते, हे एका उदाहरणाने सांगते. कंपनीचे आणि व्यक्तीचे नाव इथे महत्त्वाचे नाही.

हैदराबादच्या एका कार्यालयात विमा दाव्यांच्या नोंदी ताडून पाहणारी 31 वर्षांची कर्मचारी होती. तिच्या स्वमग्नतेचे निदान वयाच्या 28व्या वर्षी झाले होते. सकाळी तिचे काम विभागात सर्वांत नेटके असे. दुपारी दोननंतर मात्र तिच्या नोंदींत चुका दिसू लागत आणि चारच्या सुमारास ती बरेचदा जिन्यात जाऊन बसे. व्यवस्थापनाने आवाज मोजणारे यंत्र लावून पाहिले होते. सकाळी सरासरी 58 डेसिबल आणि दुपारी 60. ‘फरक दोन डेसिबलचा, मग दुपारीच त्रास का?’ हा त्यांचा प्रश्न होता आणि तो प्रामाणिक होता.

उत्तर घड्याळात होते. दुपारी दीड-दोन वाजता लंडनची कार्यालये उघडतात. तिच्या टेबलामागे बसणारा गट तेव्हापासून फोनवर बोलू लागे. सकाळच्या 58 डेसिबलमध्ये कीबोर्डचे आवाज, खुर्च्या आणि लांबवरचा गलबला होता. दुपारच्या 60 डेसिबलमध्ये वाक्ये होती. कामात अडथळा आणणारी गोष्ट आवाजाची पातळी कमी आणि शब्दांची स्पष्टता जास्त असते. पावसाचा आवाज मोठा असला तरी त्यात हिशेब करता येतो. दबक्या आवाजात कोणी आकडे सांगत असेल तर करता येत नाही. भाषा कानावर पडली की मेंदू तिचा अर्थ लावायला जातो. तो न लावण्याचा निर्णय घेणे सगळ्यांनाच अवघड असते. ज्यांच्याकडे गाळणी कमकुवत आहे त्यांना ते जवळपास अशक्य असते.

आपले कायदे मात्र आवाजाची पातळीच मोजतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा 65 डेसिबलची मर्यादा आहे, तीही बाहेरच्या परिसरासाठी. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांना 90 डेसिबल ही सीमा आहे, कारण त्यापुढे कानाला इजा होते. साठ डेसिबलच्या कार्यालयात कान बिघडत नाही आणि कोणताही नियम मोडत नाही. बिघडते ते लक्ष, आणि ते या यंत्रात दिसत नाही.

ते मोजण्याची रीत आहे. ‘आयएसओ 3382-3’ हे आंतरराष्ट्रीय मानक 2012 साली खास मोकळ्या कार्यालयांसाठी आले आणि 2022 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यातली मध्यवर्ती कल्पना सोपी आहे. शब्द किती स्पष्टपणे पोचतात याचा शून्य ते एक असा निर्देशांक असतो. एका जागी ठराविक आवाजाचा स्पीकर ठेवायचा आणि एकेका टेबलाने दूर जात मोजत राहायचे. ज्या अंतरावर हा निर्देशांक 0.50 च्या खाली उतरतो, ते त्या जागेचे ‘विचलन-अंतर’. त्या वर्तुळाच्या आत बसलेल्याला बोलणाऱ्याचे शब्द कळतात. बाहेर बसलेल्याला केवळ पुटपुट ऐकू येते. मानकाच्या पहिल्या आवृत्तीत पाच मीटर किंवा त्याहून कमी विचलन-अंतर चांगले आणि दहा मीटरहून अधिक वाईट, असे मार्गदर्शन होते.

हैदराबादच्या त्या मजल्यावर हे अंतर 13 मीटर निघाले. हा आकडा नुसता लांबीचा म्हणून वाचला तर फसवा आहे. त्यामागचे क्षेत्रफळ पाहावे लागते. त्या कर्मचारीचे टेबल भिंतीला लागून होते, म्हणून अर्धेच वर्तुळ धरू. तेरा मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 265 चौरस मीटर होते. तिथे दर माणशी सहा चौरस मीटर जागा होती. म्हणजे सुमारे 44 माणसांपैकी कोणीही तोंड उघडले तरी त्याचे शब्द तिच्यापर्यंत पोचत होते. हेच अंतर सहा मीटरवर आणले तर क्षेत्रफळ 57 चौरस मीटरच्या आसपास येते आणि माणसे उरतात नऊ-दहा. अंतर निम्म्याहून थोडे कमी केले की ऐकू येणाऱ्या माणसांची संख्या एक पंचमांशाच्या जवळ येते. जागेची फेररचना करण्यात खरा लाभ आहे तो या गणितामुळे.

ही फेररचना तीन क्रियांची असते आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही. पहिली क्रिया आवाज शोषण्याची. उघड्या काँक्रीटच्या छतावरून बोलणे आरशावरून उजेड परतावा तसे परतते आणि पार्टिशनच्या वरून पलीकडे उतरते. त्या इमारतीत मालकाने फॉल्स सीलिंगला परवानगी दिली नाही, म्हणून दाबलेल्या फेल्टच्या पट्ट्या छतापासून उभ्या टांगल्या. आडव्या फळ्यांनी आग विझवणारे पाण्याचे फवारे अडण्याची भीती असते. उभ्या पट्ट्यांत ते वाट काढतात. दुसरी क्रिया अडवण्याची. बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर असतात. तिथली पार्टिशने 1.1 मीटरची होती. म्हणजे बोलणाऱ्याचे तोंड आणि ऐकणाऱ्याचे कान यांच्यामध्ये काहीच नव्हते. फोनवर बोलणाऱ्या गटाभोवती 1.5 मीटरची, मऊ आच्छादनाची पार्टिशने लावली. छत तसेच कठीण ठेवून केवळ पार्टिशने उंच केली असती, तर खर्च वाया गेला असता. आवाज वरून आलाच असता.

तिसरी क्रिया झाकण्याची आणि ती ऐकायला विचित्र वाटते. फार शांत कार्यालयात शब्द दूरवर जातात. वातानुकूलन बंद पडले की दहा टेबलांपलीकडचे कुजबुजणेही ऐकू येऊ लागते, हा अनुभव पुष्कळांना असेल. म्हणून छतातून वाऱ्याच्या झुळुकीसारखा एकसुरी, साधारण 40 ते 45 डेसिबलचा आवाज सोडतात; त्यात दूरचे शब्द विरघळतात. निर्देशांक खाली आणणारा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तरीही तो न विचारता बसवू नये. स्वमग्न व्यक्तींपैकी काहींना हाच एकसुरी आवाज दिवसभर सोसत नाही. आम्ही तो दोन आठवड्यांत थोडा थोडा वाढवत नेला आणि तिला रोज विचारले. 42 डेसिबलवर तिला बरे वाटत होते, 44 वर नाही. म्हणून तिच्या बाजूच्या भागात तो 42 वरच ठेवला.

यासोबत एक बिनखर्ची बदल केला. फोनवर बोलणारा गट पँट्रीच्या बाजूला हलवला आणि नोंदी ताडणारा गट दूरच्या कोपऱ्यात आणला. तिच्या पाठीमागे वर्दळीची वाट होती. टेबल फिरवून पाठ भिंतीकडे केली. नंतर मोजले तेव्हा विचलन-अंतर सहा मीटर भरले. दुपारच्या चुका सकाळच्या पातळीच्या जवळ आल्या आणि जिन्यात जाऊन बसणे क्वचितचे झाले. ते पूर्ण थांबले नाही. कार्यालयात सणाचा कार्यक्रम असेल, ढोल किंवा संगीत असेल, त्या दिवशी ती घरून काम करते. तशी मुभा तिला लेखी मिळाली आहे.

आता त्या शांत खोलीकडे वळू. ती आधीपासून होतीच. काचेच्या भिंतीची, तिसऱ्या मजल्यावर, मोबाइलवर अर्ध्या तासासाठी आरक्षित करावी लागणारी. तिच्यात दुसरा पडदा नव्हता, म्हणून दोन नोंदी शेजारी ठेवून पाहण्याचे तिचे काम तिथे करताच येत नव्हते. शिवाय टेबलावरचा संगणक दहा मिनिटे थंड राहिला की हजेरीच्या प्रणालीत तो वेळ ‘अनुपस्थित’ म्हणून लागे. ज्या खोलीत काम होत नाही आणि जिथे जाण्याचा दंड भरावा लागतो, ती खोली सोय म्हणता येणार नाही.

दोन वेगळ्या गरजांना आपण एकच नाव दिल्यामुळे हा घोटाळा होतो. एक गरज सावरण्याची. अतिभार होऊन गेल्यावर दहा-वीस मिनिटे मंद उजेड, बंद दार, कोणाची नजर नाही, अशी जागा लागते. तिथे संगणक नको, आरक्षणही नको, कारण अशी वेळ आधी कळवून येत नाही. दुसरी गरज शांतपणे काम करण्याची. तिथे नेहमीचे टेबल, नेहमीची साधने आणि रोजची खात्रीची जागा लागते. पहिली खोली दुसऱ्या गरजेला पुरत नाही. आणि दुसरी गरज नीट भागली तर पहिल्या खोलीत जाण्याची वेळ कमी येते. रोज बदलत्या टेबलांची पद्धत, जिला हॉट डेस्क म्हणतात, तिच्यात ही खात्री नाहीशी होते. ज्यांना अडचण आहे त्यांच्यापुरते टेबल कायमचे करणे, हा बहुतेक ठिकाणी एका ओळीच्या आदेशाचा विषय असतो.

खोली खरोखर शांत आहे का, हे पारखायला यंत्र लागत नाही. एकाने आत बसून हे वर्तमानपत्र नेहमीच्या आवाजात वाचावे आणि दुसऱ्याने दार लावून बाहेर उभे राहावे. शब्द कळले तर खोली नापास. नुसते पुटपुटणे ऐकू आले तर चालेल. नापास होण्याची कारणे बहुधा दोन असतात. दाराखाली बोटभर फट असते किंवा खोलीची भिंत वरच्या स्लॅबपर्यंत न जाता फॉल्स सीलिंगपाशीच थांबलेली असते आणि आवाज त्यावरच्या पोकळीतून फिरतो. हाच प्रयोग मजल्यावर केला, वाचणाऱ्यापासून एकेक पाऊल मागे जात शब्द कुठे हरवतात ते पाहिले, तर विचलन-अंतराचा कामचलाऊ अंदाजही मिळतो.

‘हेडफोन दिले आहेत की’ हे उत्तरही नेहमी ऐकू येते. आवाज रद्द करणारे हेडफोन वातानुकूलनाची घरघर, विमानाचा घोष असे खालच्या पट्टीतले अखंड आवाज चांगले अडवतात. माणसाचे बोलणे ते त्या मानाने कमी अडवतात. घरघर गेल्यावर शब्द उलट अधिक स्पष्ट झाल्याची तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. कानावरचा दाब काहींना तासभरही सहन होत नाही. आणि हाक ऐकू न आल्याने मागून खांद्यावर पडणारा हात स्वमग्न व्यक्तीसाठी आवाजाहून वाईट ठरू शकतो. हेडफोन जोडीला असावेत. त्यांच्या भरवशावर मजला तसाच सोडू नये.

आवाजाइतकाच, पण कमी ओळखला जाणारा त्रास उजेडाचा आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची आहे, म्हणून जुन्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. डोळ्याला ते दिसत नाही, पण मज्जासंस्थेला जाणवते. आर्नल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी 1989 साली ब्रिटनमध्ये केलेल्या अभ्यासात, लुकलुक नसलेल्या विजेच्या चोकवर दिवे चालवल्यावर कार्यालयातली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण जवळपास निम्म्यावर आला होता. स्वस्त एलईडीतही हा दोष येतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरल्यावर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर संशय घ्यायला जागा आहे. दिवा बदलणे सोपे आहे. तो मोजलाच जात नाही, ही अडचण आहे.

आता प्रश्न अधिकाराचा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडीचा नावानिशी उल्लेख नाही आणि हा मोठा वर्ग त्यामुळे कुंपणावर राहतो. कायद्याच्या व्याख्येनुसार ‘वाजवी सोय’ नाकारणे हा भेदभाव आहे. कलम 20 सरकारी आस्थापनांना अशी सोय देण्याचा थेट आदेश देते. खासगी आस्थापनांसाठी भाषा तेवढी थेट नाही. तिथे आधार आहे तो भेदभाव मनाई करणाऱ्या कलम 3चा आणि प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला लावणाऱ्या कलम 21चा. या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयीसुविधा लिहाव्या लागतात आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवावी लागते.

व्यवहारात अडते ते प्रमाणपत्रावर. मनुष्यबळ विभाग 40 टक्के अपंगत्वाचा दाखला मागतो. प्रौढ वयात निदान झालेल्या, बोलता-वागताना ‘सामान्य’ दिसणाऱ्या व्यक्तीला तो मिळणे कठीण असते. परंतु 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठराविक लाभांसाठी आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हा भेद स्पष्ट केला. प्रकरण परीक्षेत लेखनिक मिळण्याचे होते. पण वाजवी सोय मिळण्याचा हक्क 40 टक्क्यांच्या उंबरठ्याशी बांधता येत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. शांत टेबल मागणाऱ्याला दाखल्यावरून परत पाठवणाऱ्या अधिकाऱ्याने हा निकाल वाचायला हवा.

तरीही एकेका व्यक्तीच्या मागणीवर सगळी व्यवस्था सोडणे मला पटत नाही. मागायचे म्हणजे निदान उघड करायचे आणि बढतीच्या वर्षात ते करायला कोण धजावेल? नोव्हेंबर 2024 मधील राजीव रतुरी प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यता आणि वाजवी सोय यांत फरक केला आहे. सुगम्यता सर्वांसाठी आणि आधीच करून ठेवायची असते. वाजवी सोय एका व्यक्तीच्या गरजेपुरती नंतर दिली जाते. रॅम्प बांधायला आपण चाकाच्या खुर्चीतला कर्मचारी रुजू होण्याची वाट पाहत नाही, निदान पाहू नये. मजल्याच्या ध्वनिरचनेलाही हाच नियम लागू व्हायला हवा. ब्रिटनच्या मानक संस्थेने 2022 मध्ये ‘पीएएस 6463’ हे इमारती आणि न्यूरोडायव्हर्सिटी यांविषयीचे मार्गदर्शक काढले. त्याची दिशा हीच आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिशास्त्राचे प्रकरण आहे. मोकळ्या कार्यालयासाठी विचलन-अंतराची एक मर्यादा त्यात लिहिणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

याला मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. कॉल सेंटरच्या मजल्यावर शंभर माणसे एकाच वेळी बोलत असतात. तिथे कोणतीही पट्टी किंवा पार्टिशन विचलन-अंतर पाच मीटरवर आणणार नाही. अशा ठिकाणी न बोलता करायच्या कामांसाठी दारासह वेगळा भाग, शिफ्टच्या कडेच्या वेळा किंवा घरून काम, एवढेच पर्याय खरे आहेत. सरसकट सर्वांना कार्यालयात परत बोलावण्याच्या धोरणात हा शेवटचा पर्याय पहिल्यांदा बळी पडतो, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

बाकीच्या कार्यालयांसाठी योग्य वेळ असते ती नवी जागा घेताना. छतावर काय लागणार, पार्टिशन किती उंच असणार, बोलणारा गट कुठे बसणार, हे निर्णय कंत्राटदाराच्या आराखड्यात त्या महिन्यात होतात आणि मग दहा वर्षे तसेच राहतात. त्या कंत्राटात ‘विचलन-अंतर अमुक मीटरपेक्षा कमी, काम संपल्यावर मोजून दाखवावे’ ही अट घातली, तर ते नंतर दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. आणि समान संधी धोरणात ‘शांत टेबल, कायमची जागा, सावरण्याची खोली; मागणीसाठी दाखल्याची गरज नाही’ हे शब्द आले, तर त्या मजल्यावर कोणालाही आपल्या मेंदूचा हिशेब देत बसावे लागणार नाही.